लहान दुकानदार आणि त्याची रोजकीर्द

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान. त्या वेळी पडद्यावर दाखविलेला नमुना वाचकांच्या सोयीसाठी येथे छापला आहे.)



मंडळाच्या चिटणीसांनी मला आज बोलावयास सांगितले, तेव्हा विषयही त्यांनीच दिला. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ किराणा, कटलरी, स्टेशनरी अशा लहान दुकानांवर चालतो. या दुकानांत वही नसते असे नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लाल कापडी बांधणीची नवी चोपडी आणून आपण तिची यथासांग पूजा करतो. परंतु त्या चोपडीची पहिली चार पाने भरली की पुढील पाने वर्षभर कोरी राहतात. ती पाने रोज भरावी कशी, एवढेच मी सांगणार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे, हिशेबतपासनीस नव्हे. जन्मभर मुलांना अंकगणित शिकविले आणि निवृत्तीनंतर चार दुकानांच्या वह्या लावून दिल्या, एवढाच माझा अधिकार आहे.

आरंभी एक शंका दूर करतो. कित्येक दुकानदार म्हणतात, "गुरुजी, आम्हां लहान व्यापाऱ्यांस अंदाजी नफ्यावर आयकर भरण्याची सवलत आहे, मग वही कशाला?" सवलत आहे हे खरे. परंतु ती सरकारास द्यावयाच्या हिशेबापुरती आहे. रोजकीर्द सरकारासाठी नसून दुकानदाराच्या स्वतःच्या माहितीसाठी आहे. दुकान चालले आहे की हळूहळू घरात खाल्ले जात आहे, हे त्याला अन्य कोणत्याही मार्गाने कळत नाही.

नमुना

आता समोरच्या पडद्याकडे पाहावे. हे एका किराणा दुकानाचे एका दिवसाचे पान आहे. आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणे डावीकडे जमा व उजवीकडे नावे. जे आले ते जमा, जे गेले ते नावे. जुन्या कीर्दीत रकमेचा रकाना एकच असे, येथे दोन आहेत. एक गल्ल्याचा व दुसरा बँकेचा. हल्ली निम्मे गिऱ्हाईक मोबाईलने पैसे देते आणि ते पैसे गल्ल्यात न पडता परभारे बँकेत जातात. म्हणून हा दुसरा रकाना अवश्य झाला आहे.

जमा (डावी बाजू)

| तपशील | गल्ला रु. | बँक रु. |
|---|---|---|
| श्रीशिल्लक (सकाळची) | १,५०० | १२,४०० |
| विक्री | ८,०१० | ३,५३० |
| उधारी वसुली | ८५० | ६०० |
| मेहुण्याने परत केलेले हातउसने | – | १,००० |
| गल्ल्यातून बँकेत भरणा | – | २,००० |
| एकूण | १०,३६० | १९,५३० |

नावे (उजवी बाजू)

| तपशील | गल्ला रु. | बँक रु. |
|---|---|---|
| माल खरेदी (पाव-बिस्किटे, घाऊक दुकान) | १,३२० | ३,५०० |
| दुकानखर्च (हमाली ६०, चहा ४०, वीजबिल) | १०० | १,२६० |
| घरखर्च (भाजी २००, औषध ५००, शिकवणीची फी) | ७०० | ८०० |
| बँकेत भरणा | २,००० | – |
| अखेर शिल्लक (रात्रीची) | ६,२४० | १३,९७० |
| एकूण | १०,३६० | १९,५३० |

दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या की पानाचा मेळ बसला. आजची अखेर शिल्लक हीच उद्याची श्रीशिल्लक. यापलीकडे या नमुन्यात शास्त्र असे काही नाही.

दोन नोंदींचा मात्र खुलासा करतो. गल्ल्यातील दोन हजार रुपये बँकेत भरले, तेव्हा ते गल्ल्यातून गेले आणि बँकेत आले. म्हणून ते एका रकान्यात नावे व दुसऱ्यात जमा आहेत. तो खर्चही नव्हे आणि उत्पन्नही नव्हे. तसेच मेहुण्याने परत केलेले हजार रुपये हे दुकानाचे पैसे असले, तरी विक्री नव्हे. मोबाईलवर त्या दिवशी एकंदर ५,१३० रुपये आले. त्यांतील ३,५३० विक्रीचे, ६०० जुन्या उधारीचे व १,००० मेहुण्याचे. मोबाईल या तीन रकमांत भेद करीत नाही. तो भेद त्याच रात्री दुकानदारालाच करावा लागतो, कारण पंधरा दिवसांनी त्यालाही तो आठवत नाही.

या भेदाचे महत्त्व किती, ते कर्नाटकात दिसून आले. जुलै २०२५ मध्ये त्या राज्याच्या वाणिज्य कर खात्याने, यूपीआयने जमा झालेल्या रकमा पाहून, हजारो लहान दुकानदारांस जीएसटीच्या नोटिसा पाठविल्या. माल विकणाराची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते, असा तो नियम आहे. अनेक दुकानदारांचे म्हणणे असे पडले की, खात्यावर आलेली सर्व रक्कम विक्रीची नव्हे. तीत घरचे व उसनवारीचे पैसेही आहेत. म्हणणे खरे असेलही. परंतु कोणती रक्कम कशाची, हे दाखविणारे पान ज्याच्यापाशी नाही, त्याने ते सिद्ध कसे करावे?

विक्रीचा आकडा कोठून आणावयाचा?

आता खरी अडचण. आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, "दिवसभरात दीडदोनशे गिऱ्हाइके येतात. कोणी पाच रुपयांची काडेपेटी नेतो, कोणी पाव किलो साखर. प्रत्येक विक्री लिहीत बसलो तर माल कोण मोजून देणार?" हा आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्येक विक्री लिहा असे मी सांगतच नाही. विक्रीखेरीज बाकी सर्व लिहा, विक्रीचा आकडा आपोआप निघतो.

तो कसा, ते पाहू. रात्री फळी लावल्यावर गल्ला मोजावा. तोही नोटांच्या जातीप्रमाणे मोजून कागदावर मांडावा. आपल्या दुकानदाराने मांडले ते असे : पाचशेच्या ७ म्हणजे ३,५००; दोनशेच्या ४ म्हणजे ८००; शंभराच्या १२ म्हणजे १,२००; पन्नासाच्या ७ म्हणजे ३५०; विसाच्या ८ म्हणजे १६०; दहाच्या १५ म्हणजे १५०; आणि नाणी ८०. एकूण ६,२४०. ही रात्रीची शिल्लक.

दिवसभरात गल्ल्यातून ४,१२० रुपये बाहेर गेले. ते गेले नसते तर गल्ल्यात १०,३६० असते. यांतून सकाळचे १,५०० वजा करावे, कारण ते आजचे नव्हेत. उधारी वसुलीचे ८५० वजा करावे, कारण तो माल पूर्वीच विकला होता. उरले ८,०१०. हीच आजची रोख विक्री. मोबाईलची ३,५३० मिळविली की ११,५४० झाले. त्या दिवशी ६४० रुपयांचा माल उधार दिला होता. तो पैसा आलेलाच नाही, म्हणून त्याची नोंद रोजकीर्दीत नसून उधारीच्या वहीत आहे. एकंदर विक्री १२,१८० झाली. ज्याने नुसता रात्रीचा गल्ला पाहिला, त्याला गल्ल्यात ६,२४० दिसले आणि तो आजचा धंदा बेताचा झाला असे समजून झोपला.

या पद्धतीस एकच अट आहे. गल्ल्यातून जाणारा प्रत्येक रुपया त्याच क्षणी लिहिला पाहिजे. याकरिता गल्ल्याच्या खणातच एक लहान चिठ्ठीवही व पेन्सिल ठेवावी. हमालाला साठ रुपये दिले की आधी 'हमाली ६०' असे लिहावे, मग नोट काढावी. हा नियम धन्याला, त्याच्या पत्नीला व मुलालाही सारखाच लागू हवा. रात्री आठवून लिहू म्हणणाराचे पान चार दिवसांत खोटे होते. मोठ्या रकमा आठवतात, पण वीस-तीस-पन्नासाच्या आठवत नाहीत. आणि त्याच दिवसाकाठी सात-आठ असतात.

पद्धतीची मर्यादा व तिजवरचा उपाय

या पद्धतीचा एक दोष मी लपवून ठेवीत नाही. विक्रीचा आकडा वजाबाकीने काढला की पानाचा मेळ नेहमीच बसतो. कोणी गल्ल्यातून शंभर रुपये उचलले, अथवा एखादा खर्च लिहावयाचा राहिला, तर तेवढी विक्री कमी दिसते. पण बेरजा मात्र जुळतात. म्हणून मेळ बसला एवढ्यावर समाधान मानू नये. नेहमी आठ हजारांच्या आसपास असलेली रोख विक्री एखाद्या साध्या दिवशी एकाएकी सहा हजारांवर आली, तर गिऱ्हाईक कमी झाले असे समजण्यापूर्वी दिवसभराच्या चिठ्ठ्या पुन्हा पाहाव्या. पुष्कळदा एखाद्या माल देणाऱ्यास रोख दिलेली रक्कम चिठ्ठीवर नसते.

यावर उपाय असा. आठवड्यातून एक दिवस ठरवावा, शक्यतो कमी गर्दीचा, आणि त्या दिवशी मात्र प्रत्येक रोख विक्री कागदावर मांडावी. नाव नको, वस्तू नको, नुसता आकडा. रात्री त्या आकड्यांची बेरीज आणि वजाबाकीने निघालेली विक्री ताडून पाहावी. समजा, कागदावर ८,१३० आले व वजाबाकीने ८,०१० निघाले. १२० ची तूट आली. ती तूट पानाच्या तळाशी 'तूट १२०' अशी लिहावी. खिशातून एकशेवीस घालून ती बुजवू नये. बुजविलेल्या तुटीचे कारण कधीच सापडत नाही.

तूट कधी येते, कधी उलट दहा-वीस रुपये वाढतात, असे असेल तर ते सुट्ट्या पैशांच्या देवघेवीतले चुकणे होय. त्याची चिंता नको. परंतु दर आठवड्यास तूटच येत असेल, तर पैसा एकाच वाटेने जात आहे असे समजावे. ती वाट न लिहिलेल्या खर्चाची आहे की कोणाच्या हाताची, याचा शांतपणे शोध घ्यावा. नोकरावर संशय घेण्यापूर्वी घरच्या माणसांस विचारावे. बहुधा उत्तर तेथेच मिळते.

वर्गात मुलांना सांगत असे त्या दोन युक्त्या येथेही उपयोगी पडतात. फरकास नऊने नि:शेष भाग जात असेल, तर एखाद्या रकमेतील अंकांची अदलाबदल झाली आहे काय ते पाहावे. ७२० च्या जागी २७० लिहिले तर फरक ४५० येतो, आणि त्यास नवाने भाग जातो. दुसरी युक्ती अशी की फरकाची निम्मी रक्कम पानावर कोठे आहे का ते शोधावे. वसुलीचे ८५० चुकून नावे बाजूस लिहिले, तर विक्री १,७०० ने वाढलेली दिसते, म्हणजे नेमकी दुप्पट रकमेने.

बँकेच्या रकान्याची पडताळणी याहून सोपी आहे, कारण तेथे पासबुक साक्षीला असते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. काही कंपन्यांच्या क्यूआर कोडवर आलेले पैसे त्याच दिवशी खात्यात न पडता दुसऱ्या दिवशी पडतात. म्हणून पान व पासबुक यांत एका दिवसाचा फरक दिसला तर गोंधळू नये. दोन दिवसांनीही तो राहिला, तर मात्र गिऱ्हाइकाचे पैसे खरोखर आले होते की नुसता पडदा दाखवून ते निघून गेले, याचा तपास करावा. यंत्राने रक्कम मोठ्याने उच्चारल्यावाचून माल हातात देऊ नये.

घरखर्चाची ओळ

आता ज्या ओळीसाठी मी हा सर्व खटाटोप सांगितला, तिच्याकडे वळतो. ती म्हणजे नावे बाजूवरील 'घरखर्च' ही ओळ होय.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवितो. मी त्याच्या दुकानी बसलो असता तो म्हणाला, "गुरुजी, विक्री वाढते आहे, पण घाऊक व्यापाऱ्याची बाकीही वाढते आहे. पैसा जातो कुठे, तेच कळत नाही."

मी विचारले, "घरात महिन्याला किती नेतोस?"

तो म्हणाला, "दहा-बारा हजार. त्यापेक्षा जास्त नाही."

मी त्याला म्हटले, "अरे, मी तुझ्या शब्दावर अविश्वास दाखवीत नाही, पण महिनाभर हे पान लिही, मग बोलू."

त्याने प्रामाणिकपणे सव्वीस दिवसांची पाने भरली. महिनाअखेर आम्ही दोघांनी प्रत्येक ओळीची आडवी बेरीज मांडली. विक्री एकंदर ३,१२,००० झाली. नफा मात्र रोजकीर्दीत दिसत नाही, कारण किती माल फळ्यांवर शिल्लक आहे हे तीत नसते. तो अंदाजाने काढावा लागतो. त्याच्या दुकानात शंभराच्या विक्रीमागे सरासरी दहा रुपये सुटतात, असे खरेदीच्या पावत्यांवरून दिसले. म्हणजे सुटले ३१,२००. त्यांतून दुकानखर्च वजा केला : भाडे ५,०००, नोकराचा पगार ६,०००, वीज १,२६०, हमाली, टेंपो, पिशव्या व चहापाणी मिळून २,३४०. एकूण १४,६००. राहिले १६,६००. एवढाच पैसा त्या महिन्यात त्याच्या कुटुंबाचा होता.

मग घरखर्चाच्या ओळीची बेरीज केली. ती निघाली २१,९००.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. त्यात व्यसन नव्हते, चैन नव्हती. भाजी, औषध, मुलीची शिकवणी, गॅस, पाहुण्यांसाठी आणलेली मिठाई, एका लग्नातला आहेर, अशा साध्या रकमा होत्या. यांतील कोणतीही रक्कम अन्याय्य नव्हती. पण तिची बेरीज उत्पन्नाहून ५,३०० रुपयांनी अधिक होती. हे ५,३०० आले कोठून? ते मालाच्या भांडवलातून आले. तेल विकून आलेल्या पैशातून भाजी आली आणि तेलाचे पैसे व्यापाऱ्याच्या बाकीत चढले. याच चालीने वर्षाचे ६३,६०० होतात. त्याच्या वाढलेल्या बाकीचे कोडे येथे उलगडले. विक्री वाढत असताना दुकान आतून रिकामे होते ते असे.

त्याने पुढे काय केले तेही सांगतो, कारण उपाय साधाच आहे. पती-पत्नी दोघांनी बसून घरासाठी महिन्याला पंधरा हजार अशी रक्कम ठरविली. ती दर सोमवारी हप्त्याने गल्ल्यातून एकदाच काढावयाची आणि घरच्या डब्यात ठेवावयाची. मधे कोणीही गल्ल्यात हात घालावयाचा नाही. आजारपणासारखा प्रसंग आलाच, तर वेगळी चिठ्ठी लिहून काढावयाचे. त्यामुळे दरमहा सोळाशेच्या आसपास रक्कम व्यापाऱ्याची जुनी बाकी फेडण्यास मोकळी झाली. ही बाकी एका वर्षात फिटणार नाही, हे तो जाणतो. परंतु ती वाढावयाची थांबली आहे.

भगिनींना येथे एक विनंती करतो. रात्रीची मोजणी होताना आपण जवळ बसावे आणि शक्य तर पान आपल्या हाताने लिहावे. दुकान चालविणारा पुरुष अकस्मात निवर्तला, तर कोणाकडून किती येणे व कोणाचे किती देणे, ही माहिती त्याच्याबरोबरच जाते. मग देणेकरी दारात उभे राहतात आणि येणे असलेले दुसऱ्या रस्त्याने जातात. मंडळाच्या सहाय्यक निधीकडे येणाऱ्या अर्जांत अशी प्रकरणे असतात. ज्या घरी रोजकीर्द व उधारीची वही पत्नीच्या ओळखीची आहे, त्या घरी निदान अंधार तरी नसतो.

शेवटी आरंभाविषयी एक शब्द. दिवाळीची वाट पाहू नये, नव्या आर्थिक वर्षाचीही पाहू नये. शंभरपानी साधी रेघी वही पुरे. उद्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वी गल्ला मोजावा, बँकेतील शिल्लक पाहावी आणि 'श्रीशिल्लक' म्हणून पहिल्या ओळीवर ते दोन आकडे लिहावेत. मागील हिशेब जुळविण्याच्या नादी लागू नये. तो जुळत नाही, आणि त्या प्रयत्नात नवे पानही कोरे राहते. पहिले आठ दिवस अर्धा तास लागेल, पुढे पंधरा मिनिटांत पान पुरे होते.

पडद्यावरील नमुन्याच्या छापील प्रती दाराशी ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जाव्या. महिनाभर पाने भरून ज्याला बेरजा कशा मांडाव्या हे कळणार नाही, त्याने वही घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी तेथे बसणार आहे. वही कोणाची व आकडे किती, हे माझ्यापुरतेच राहील.